विश्लेषण : कुलूपबंद ईथरची पावती स्वस्त का होते?

मुदत ठेवीच्या पावतीवर बँक कर्ज देते. ठेव तशीच राहते, व्याज सुरू राहते आणि हातात पैसेही येतात. ‘लिक्विड स्टेकिंग’ची कल्पना साधारण अशीच आहे. फरक इतकाच, की बँकेची पावती कोणी बाजारात विकत नाही. इथली पावती दिवसरात्र विकली जाते आणि तिचा भाव वरखाली होतो. सगळी जोखीम या एका फरकातून येते.

पावती कशाची?

इथेरियम या ब्लॉकचेनवर व्यवहार तपासण्याचे काम करणाऱ्याला ३२ ईथर अनामत म्हणून अडकवावे लागतात. यालाच स्टेकिंग म्हणतात. काम नीट केले तर मोबदला मिळतो, नियम मोडला तर अनामतीतून दंड कापला जातो. ३२ ईथर आणि सतत चालू राहणारा संगणक सर्वांना परवडत नाही. म्हणून ‘लिडो’सारख्या सेवा अनेकांचे ईथर एकत्र करून स्टेक करतात आणि जितके ईथर दिले तितकी पावती-टोकन देतात. वॉलेटमध्ये ती stETH या नावाने दिसतात. मोबदला जमा होईल तशी टोकनांची संख्या वाढते. मोबदल्यातला १० टक्के वाटा लिडो ठेवून घेते.

२०२२च्या जूनमध्ये काय घडले?

पावती एका ईथरवरचा हक्क सांगते. पण तो हक्क आजच वसूल होईल, असे ती सांगत नाही. इथेरियमवर स्टेक केलेले ईथर परत काढण्याची सोयच एप्रिल २०२३पर्यंत नव्हती. म्हणजे ठेव होती, पण मोडता येत नव्हती. ज्याला घाई असेल त्याच्यापुढे एकच मार्ग होता, पावती दुसऱ्याला विकणे.

मे २०२२मध्ये ‘टेरा’ कोसळले आणि बाजारात रोकड मिळवण्याची धावपळ सुरू झाली. विकणारे वाढले, घेणारे आटले. ‘कर्व्ह’ या विनिमय मंचावर ईथर आणि पावती यांचा साठा एरवी निम्मा-निम्मा असे. जूनमध्ये त्यात सुमारे पाचात चार हिस्से पावत्याच उरल्या. बाजारातील दुष्काळ ओळखण्याची याहून सोपी खूण नव्हती. पावतीचा भाव ईथरपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी खाली गेला. विशेष म्हणजे, त्यामागचा एकही ईथर बुडाला नव्हता.

‘सेल्सियस’ ही कर्जसंस्था याच कात्रीत सापडली. ग्राहकांना हवे तेव्हा पैसे परत देण्याचे तिचे वचन होते आणि त्यांचे बरेच ईथर मात्र स्टेकिंगमध्ये व पावत्यांत अडकले होते. १२ जूनला तिने पैसे काढणे बंद केले, पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या अडचणी अनेक होत्या, पण तातडीने न विकता येणारी पावती ही त्यांतली एक ठळक होती.

६ टक्क्यांचे १८ टक्के कसे होतात?

अनेकांनी पावती गहाण ठेवून ईथर उसने घेतले, त्यांची पुन्हा पावती केली, ती पुन्हा गहाण ठेवली. समजा, एखाद्याकडे स्वतःचे १० ईथर होते. अशा फेऱ्या मारून त्याने ३० पावत्या जमवल्या आणि २० ईथर कर्ज केले. पावती ६ टक्के उतरली, की ३० पावत्यांची किंमत २८.२ ईथर होते. कर्ज वजा जाता उरतात ८.२. भाव ६ टक्के पडला, पण गाठीचे भांडवल १८ टक्के गेले. शिवाय गहाणाची किंमत ठरावीक मर्यादेखाली गेली की मंच स्वतःहून ते विकून टाकतो. ती विक्री भाव आणखी पाडते. ज्याने कर्ज न काढता पावती नुसती सांभाळली, त्याचा तोटा कागदावरच राहिला, पण थांबणे परवडेल अशी ऐपत प्रत्येकाची नसते.

आता तर ईथर काढता येतात ना?

हो. लिडोने मे २०२३मध्ये पावती परत देऊन ईथर घेण्याची सोय सुरू केली आणि सूट मोठी झाली की ती भरून काढणारे खरेदीदार आता पुढे येतात. पण बाहेर पडण्याला रांग आहे, कारण इथेरियम एका वेळी ठरावीक संख्येनेच अनामती सोडते. २०२५च्या सप्टेंबरमध्ये ही रांग महिन्याहून लांब झाली होती. रांगेत थांबायचे नसेल, तर पुन्हा बाजारातला भावच घ्यावा लागतो.

याशिवाय स्वतः स्टेक करणाऱ्याला नसलेल्या दोन गोष्टी पावतीधारकाच्या वाट्याला येतात. एक, ईथर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक निघाली तर मूळ ठेवच धोक्यात येते. दुसरी, लिडोने नेमलेल्या एखाद्या चालकाला दंड झाला तर तो सर्व धारकांत वाटला जातो. चूक कोणाची, हे पावती पाहत नाही. खरेदीआधी तपासायचे असेल, तर पावती आज ईथरच्या किती टक्क्यांना विकते आणि परतीची रांग किती दिवसांची आहे, हे दोन आकडे वार्षिक मोबदल्याच्या आकड्याआधी पाहावेत.