दहाव्या दिवसाची उलटी

सुभाष रोडवर दुकान असलेल्या एका घरातलं बाळ माझ्याकडे आलं, तेव्हा ते 12 दिवसांचं होतं. दोन दिवसांपासून उलट्या होत होत्या. आधी दाखवलं तिथे उलटीचे थेंब मिळाले होते. सोबत आलेल्या अज्जींचं म्हणणं एवढंच होतं की दूध अंगी लागत नाही, घुटी बदलून पाहू. त्या घराच्या परवानगीने, नावगाव गाळून, ही गोष्ट आज सांगतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी येत्या काही वर्षांत पाळणा हलेल, त्यांनी ती लक्षात ठेवावी.

मुलगा दिसायला अगदी छान होता, पण वजनकाटा वेगळं सांगत होता. जन्माच्या वेळी 3 किलो 100 ग्रॅम, आणि आज 2 किलो 600. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं हे खरं, पण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या आकड्यावर परत यायला हवं. इथे ते खालीच चाललं होतं. आणखी एक गोष्ट दिसली. स्तनाग्रं आणि अंडकोशाची कातडी बाकी अंगापेक्षा बरीच काळपट होती.

या वयात सतत उलट्या म्हटलं की जठराचं तोंड अरुंद असल्याची शंका आधी येते. पण त्या आजारात पोटातलं आम्ल बाहेर जातं आणि रक्तातलं पोटॅशियम सहसा उतरतं. या बाळाचं पोटॅशियम 7.6 होतं, म्हणजे धोक्याच्या वर, आणि सोडियम 118, जे 135 च्या पुढे असायला हवं. टाच दाबून काढलेल्या रक्तात पोटॅशियम कधीकधी उगाच जास्त दिसतं, म्हणून शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासलं. आकडा तोच आला. दुखणं पोटाचं नव्हतं, मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं होतं.

ही ग्रंथी एकाच कच्च्या मालापासून तीन गोष्टी बनवते. आजारपणात शरीराला तग धरायला लावणारं कॉर्टिसॉल, मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन, आणि अँड्रोजेन म्हणजे पुरुषी संप्रेरकं. पहिल्या दोन्हींच्या वाटेवर 21-हायड्रॉक्सिलेज नावाचं एक विकर लागतं. या बाळात ते जवळजवळ नव्हतंच. दिवाळीच्या आधी सुभाष रोडच्या दोन गल्ल्या बंद केल्या की सगळी गर्दी तिसऱ्या गल्लीत घुसते, तसं इथे होतं. कॉर्टिसॉल कमी पडतंय म्हणून मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी आणखी काम कर असा हुकूम सोडत राहते. त्याने अ‍ॅड्रिनल फुगते, कातडी काळवंडते, आणि सगळा माल अँड्रोजेनच्या वाटेने जातो. मीठ मात्र लघवीतून वाहून जातं, त्याच्यामागे पाणी जातं, आणि पोटॅशियम आत साचतं. ते फार वाढलं तर हृदय थांबू शकतं.

मुलींमध्ये हा आजार बहुधा जन्मतःच लक्षात येतो, कारण पोटात असतानाच जास्तीच्या अँड्रोजेनमुळे बाहेरचे अवयव मुलासारखे दिसू लागतात. गर्भाशय आणि बीजकोश मात्र नेहमीसारखेच असतात. अशा वेळी घाईने ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ म्हणून मोकळं न होता तपासण्या होईपर्यंत थांबायचं असतं. मुलगा असला की बाहेरून काहीच खटकत नाही. तो घरी जातो आणि दुसऱ्या आठवड्यात कोसळतो.

आम्ही निदानासाठी 17-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं रक्त काढून ठेवलं, पण अहवालाची वाट पाहिली नाही. शिरेतून सलाईन, साखर आणि 25 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन लगेच दिलं. दुसऱ्या दिवशी बाळ भुकेने रडलं, तेव्हा अज्जींच्या डोळ्यांत पाणी आलं.

खरं काम घरी गेल्यावर सुरू झालं. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दळून मोजलेल्या पुड्या करायच्या आणि दिवसातून तीनदा द्यायच्या. मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी रोज. शिवाय पहिल्या वर्षी वरून मीठ, कारण आईच्या दुधात ते फार थोडं असतं. या बाळाला दिवसाला 1 ग्रॅम ठरलं होतं. वडिलांनी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर एक ग्रॅम मीठ तोलून घेतलं. ते 40 मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायचं आणि आठ वेळच्या दुधाबरोबर पाच-पाच मिलिलिटर द्यायचं. प्रत्येक बाळाचं माप त्याचे डॉक्टरच ठरवतात, चिमटीने अंदाज करायचा नाही.

तीन महिन्यांनी अज्जींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “डॉक्टर, एवढ्याशा लेकराला जन्मभर स्टेरॉइड? बंद नाही का होणार?” मी म्हटलं, “अज्जी, हे वरचं औषध नाही. तुमचं-माझं शरीर रोज स्वतः बनवतं तेच आपण त्याला बाहेरून देतोय.” जास्त दिलं तर वजन वाढतं आणि उंची खुंटते. कमी दिलं तर अँड्रोजेन वाढतं, मूल वर्गात सगळ्यांत उंच दिसतं, चार-पाच वर्षांतच जांघेत केस येतात आणि हाडं लवकर पिकून पुढे ते बुटकं राहतं. म्हणून ‘किती उंच झालाय!’ असं कौतुक झालं की मी आधी उंचीचा तक्ता आणि हाताचा एक्स-रे मागतो.

सगळ्यांत मोठा धोका साध्या तापाचा. निरोगी शरीर तापात आपणहून कॉर्टिसॉल वाढवतं, या मुलाचं वाढवू शकत नाही. म्हणून ताप 100.4 च्या वर गेला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट आणि 102 च्या वर तिप्पट, असं आम्ही लिहून दिलं आहे. फ्लुड्रोकॉर्टिसोन वाढवायची नाही. डोस घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो पुन्हा द्यायचा. तोही उलटला किंवा मूल सुस्त झालं तर मांडीत इंजेक्शन.

मुलगा चार वर्षांचा असताना ती रात्र आली. जुलाब-उलट्या, दोन्ही डोस बाहेर. आईने 100 मिलिग्रॅमच्या बाटलीतली पूड दोन मिलिलिटर पाण्यात विरघळवली, त्यातलं एक मिलिलिटर, म्हणजे त्याच्या वयाचे 50 मिलिग्रॅम, मांडीत टोचलं आणि मगच गाडी काढायला सांगितलं. तीन वर्षांखालच्या मुलाला 25, मोठ्यांना 100 देतात. हॉस्पिटलात पोचला तेव्हा तो बोलत होता. त्या पिशवीची एक जोडी आजही दुकानाच्या गल्ल्यात असते, एक शाळेत.

आई-वडील दोघंही या दोषाचे वाहक असतात, त्यांना स्वतःला काही त्रास नसतो. प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्या भागात एकच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. आयसीएमआरने मुंबईसह पाच केंद्रांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा सुमारे 5,762 बाळांमागे एकाला हा आजार आढळला.

ती तपासणी म्हणजे टाचेच्या रक्ताचे काही थेंब कागदावर. उलट्या सुरू होण्याआधी ती उत्तर देऊ शकते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत ती कधी खोटा इशारा देते, म्हणून तेवढ्यावर निदान होत नाही, पुढची तपासणी लागते. अजून सगळीकडे ती आपोआप होत नाही. त्या घरात दुसरं बाळ झालं, तेव्हा तिसऱ्या दिवशी अज्जींनीच परिचारिकेला विचारलं, “टाचेचं रक्त घेतलं का?” बाळ निरोगी निघालं. हाच प्रश्न बाळ घरी नेण्याआधी तुम्हीही विचारा.