आपुलकीची सीमा

पेढीवरील माणसे म्हणजे घरचीच माणसे, असे आपण मानतो. त्यामुळेच एक प्रश्न अवघड होऊन बसतो : आपुलकी कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो?

नंदुरबारच्या बाजारातील एखादी कापडाची पेढी डोळ्यांसमोर आणा. एक जुने मुनीम, चार सेल्समन आणि जीएसटीची बिले करणारी एक तरुणी. मुनीम तिच्या आईच्या प्रकृतीची चौकशी करतात, पावसात तिला लवकर घरी पाठवतात, नवी साडी पाहून सर्वांदेखत 'रंग छान आहे' म्हणतात. यात वावगे काही नाही. पुढे रात्री दहानंतर मोबाईलवर संदेश येऊ लागतात, साडीची स्तुती शरीराच्या स्तुतीवर येते, बिल घेताना हात हातावर रेंगाळतो. ती म्हणते, 'मुनीमजी, हे मला आवडत नाही.' त्यानंतर तिच्या कामात रोज चुका निघू लागतात आणि हक्काची रजाही नाकारली जाते.

२०१३ च्या कायद्याने यासाठी जी कसोटी ठेवली आहे, तिचा गाभा 'नकोसे' या शब्दात आहे. नकोसा स्पर्श वा जवळीक, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रे दाखवणे आणि अशाच स्वरूपाचे इतर नकोसे वर्तन, मग ते शब्दांचे असो वा हावभावांचे, हा लैंगिक छळ होय. 'माझ्या मनात तसे नव्हते' एवढे म्हटल्याने तो पुसला जात नाही. आपुलकी सर्वांसमोर उघड असते आणि नकार मिळताच थांबते. छळ बहुधा एकांत शोधतो आणि नकाराची किंमत कामातून वसूल करतो. मात्र स्त्री गप्प राहिली वा संकोचाने हसली, म्हणजे तिची संमती होती असे होत नाही. नोकरीची भीती पुष्कळांना गप्प बसवते.

शक्य असेल तर नकार स्पष्ट आणि थोडक्यात द्यावा : 'कामाखेरीज मला संदेश पाठवू नका.' तो लेखी दिल्यास उत्तम. आलेले संदेश पुसून टाकू नयेत. तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द आणि त्या वेळी कोण हजर होते, हे त्याच दिवशी वहीत टिपावे आणि विश्वासाच्या एका व्यक्तीला सांगावे. आठवणीपेक्षा अशी नोंद चौकशीत अधिक टिकते.

दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास मालकाने अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. आपल्या बहुतेक दुकानांत तेवढी माणसे नसतात. अशा ठिकाणची, तसेच खुद्द मालकाविरुद्धची तक्रार, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ग्रामीण व आदिवासी भागात तालुक्याचा समन्वय अधिकारी तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवतो. त्यामुळे धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या स्त्रीला प्रत्येक वेळी नंदुरबार गाठण्याची गरज नाही. मिरचीच्या पथारीवर रोजंदारीने काम करणाऱ्या स्त्रीलाही हाच हक्क आहे. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल, तर समितीने साहाय्य करावयाचे असते. चौकशी ९० दिवसांत संपवावी लागते. तक्रारदार स्त्रीने मागितल्यास आधी समेटाचा प्रयत्न होतो, परंतु पैसे देऊन मिटवणे हा समेटाचा आधार असू शकत नाही. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग वेगळा असून तो खुलाच राहतो.

आरोप झालेल्यालाही न्याय मिळाला पाहिजे. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात समितीने चौकशी घाईने उरकली आणि आरोपी प्राध्यापकास बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी त्याची बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा करण्यास सांगितले. याच प्रकरणात ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमून स्थानिक समिती स्थापन करण्याचा आदेश दिला. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायदा सांगतो.

आता त्या पेढीच्या मालकाने काय करावे? 'मुनीमजी तसे नाहीत' असे म्हणून विषय संपवू नये आणि घरच्या बैठकीत परस्पर निवाडाही करू नये. तिचे म्हणणे ऐकावे, स्थानिक समितीचा पत्ता द्यावा, तिच्या कामाची तपासणी मुनीमांकडून काढून दुसऱ्याकडे द्यावी आणि दोघांचीही नावे बाजारात जाऊ देऊ नयेत. तिलाच कामावरून कमी केले, तर छळात आपणही भागीदार होतो.