विश्लेषण : निवृत्तीनंतर ‘साहेब’ अचानक एकटे का पडतात?

३१ मे हा राज्यातल्या सरकारी कार्यालयांत शाल-श्रीफळाचा दिवस असतो. पूर्वी जन्मनोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावत. नियमानुसार कर्मचारी वयाची ५८ वर्षे (गट ‘ड’मध्ये ६०) ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. मात्र जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच. म्हणून ३१ मे रोजी एकाच कार्यालयात अनेकांचे निरोप समारंभ उरकले जातात. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे त्याआधी बरेच महिने तयार होऊ लागतात. १ जूनच्या सकाळी साडेदहा वाजता त्या माणसाने करायचे काय, याची तयारी मात्र कोणत्याच टेबलावर होत नाही.

पहिल्या दिवशी नेमके काय जाते?

जलसंपदा विभागातल्या एका उपअभियंत्याचे उदाहरण घेऊ. व्यक्ती काल्पनिक आहे, पण प्रसंग कोणत्याही सरकारी वसाहतीत ओळखीचे वाटतील. ३३ वर्षे नोकरी, हाताखाली उपविभाग, दारात गाडी आणि चालक. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सीयूजी क्रमांकाचे सिमकार्ड कार्यालयात जमा केले. हा तपशील किरकोळ वाटतो, पण सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो. ठेकेदार, शाखा अभियंते, पाणीवापर संस्थांचे अध्यक्ष, आमदारांचे स्वीय सहायक या सगळ्यांकडे तोच क्रमांक होता. दिवसाला ४०-५० वेळा वाजणारा फोन दुसऱ्या दिवशीही वाजतोच, फक्त नव्या साहेबांच्या खिशात. खासगी क्रमांकावर येतात ते बँकेचे संदेश आणि मुलीचा फोन. संध्याकाळपर्यंत कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही नाव काढलेले असते. ग्रुप अ‍ॅडमिनचे त्यात काही चुकत नाही. रजेचे अर्ज आणि धरणाच्या पाणीपातळीचे आकडे निवृत्त माणसाला पाठवून काय करायचे?

लोक आपल्याला फोन करत होते की आपल्या खुर्चीला, हा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच पडतो. खरे उत्तर ‘बहुतेक जण खुर्चीला’ असेच असते आणि त्यात लोकांचा कृतघ्नपणा शोधण्यात अर्थ नाही. कामाचे नाते कामापुरतेच असते. ३३ वर्षांत दुसरे नाते बांधायला वेळ मिळाला नाही, ही खरी अडचण.

धक्का उशिरा का जाणवतो?

पहिले दोन-तीन महिने बरे जातात. गावी जाणे होते, अष्टविनायक होते, राहिलेली दाताची कामे होतात, निवृत्तीची रक्कम कुठे ठेवायची यावर रोज कुणीतरी सल्ला देतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७०च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले. सुरुवातीच्या मधुचंद्रासारख्या काळानंतर भ्रमनिरासाचा टप्पा येतो, असे त्यांचे निरीक्षण होते. प्रत्येकाला तो येतोच असे नाही. पण येतो तेव्हा घरच्यांना काही कळत नाही, कारण त्यांच्या मते ‘आता सगळे मार्गी लागले’ असते.

आपले उपअभियंता चौथ्या महिन्यात जुन्या कार्यालयात चक्कर मारतात. ‘या साहेब, बसा,’ म्हणून चहा येतो. पाच मिनिटांत लिपिकाची नजर पुन्हा संगणकाकडे वळते. ते एका कालव्याच्या दुरुस्तीविषयी सल्ला देतात, नवे अधिकारी ‘बघतो सर’ म्हणतात. तिसऱ्या खेपेला चहा यायलाही वेळ लागतो. मग ते जाणे थांबवतात आणि सगळे लक्ष घराकडे वळते. गॅस सिलिंडर किती दिवस पुरला, भाजी कितीची आणली, कामवाल्या मावशी दहा मिनिटे उशिरा का आल्या, याची चौकशी सुरू होते. पत्नीचे अकरा ते पाच हे तास इतकी वर्षे तिचे होते. आता त्या वेळेत घरात एक अधिकारी बसलेला असतो, ज्याला उपविभाग उरलेला नाही. दोघेही चिडचिडे होतात आणि भांडणाचे कारण भाजी आहे, असे दोघांनाही वाटते.

मोकळा वेळ मिळूनही तो का खायला उठतो?

याचे सगळ्यात चांगले उत्तर व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावात मिळाले. तिथली कापड गिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी गावाचा अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकार पुरुषांकडे भरपूर वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे वाढले नाही, उलट घटले. रस्त्यावरचे पुरुष हळू चालू लागले, मध्येच थांबू लागले. बायका मात्र भराभर चालत, कारण घरकाम बंद पडले नव्हते. बेकारी आणि निवृत्ती एक नव्हे, निवृत्ताला दरमहा पैसे मिळतात. पण याहोदा यांनी पुढे मांडलेला मुद्दा इथेही लागू पडतो. नोकरी पगाराशिवाय आणखी काही देते : दिवसाला आकार, घराबाहेरची माणसे, सर्वांनी मिळून करायचे काम, समाजातले स्थान आणि हातपाय हलवायला कारण. निवृत्तिवेतन यातले काहीच भरून देत नाही.

नोकरदार महिलांची निवृत्ती वेगळी दिसते तीही यामुळेच. त्यांचा दिवस रिकामा होत नाही, पण ‘मॅडम’ हे संबोधन आणि डबा खातानाच्या मैत्रिणी जातात, आणि घर मात्र आता पूर्णवेळ त्यांच्याकडून काम धरते. त्यांच्या एकटेपणाकडे तर कुणाचे लक्षच जात नाही.

मग ‘छंद जोपासा’ हा सल्ला पुरेसा का नाही?

कारण छंदाला दांडी मारली तर कुणाचे अडत नाही. ज्येष्ठ नागरिक संघात जाणे चांगलेच, पण तिथेही पहिला प्रश्न ‘कुठून रिटायर झालात?’ हाच असतो आणि कट्ट्यावर जुनी उतरंड पुन्हा मांडली जाते. उपयोगी पडते ते असे काम, ज्यात ठरलेला वार आणि वेळ असते आणि आपण गेलो नाही तर कुणीतरी विचारते. आपल्या उपअभियंत्यांनी सोसायटीचे अध्यक्षपद घेतले असते तर जुनाच रोग वाढला असता. त्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस गावच्या शाळेत दहावीचे गणित शिकवणे बरे. तिथे मुलांना त्यांच्या हुद्द्याशी देणेघेणे नसते, गणित कळले की नाही एवढेच महत्त्वाचे असते. ही जागा नोकरीत असतानाच शोधावी, कारण मन खचल्यावर नव्या दारात उभे राहण्याचे बळ राहत नाही.

हे नैराश्य आहे हे कसे ओळखायचे?

उदासी येते-जाते. पण दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि सोबत पहाटे लवकर जाग येणे, भूक मंदावणे, ‘माझा आता काय उपयोग’ असे बोलणे असेल, तर तो स्वभाव नव्हे. या वयात नैराश्य बरेचदा अंगदुखी, ॲसिडिटी, छातीत धडधड अशा तक्रारींच्या रूपात येते. धडधड असेल तर आधी हृदयाची तपासणी करावीच. ईसीजी वारंवार नॉर्मल येत असेल आणि तक्रार कायम असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. विसरभोळेपणा वाढला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे आले, तर वाट पाहू नये. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइनचा क्रमांक १४५६७ आहे.