‘ब्रोक’ची ‘ब्रेक्ड’ होते तेव्हा

गेल्या आठवड्यात एक आई साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. तक्रार तापाची नव्हती, खोकल्याचीही नव्हती. इंग्रजी शाळेत जाणारी ही मुलगी काही महिन्यांपूर्वी ‘आय ब्रोक इट’ असे अचूक म्हणत होती आणि आता ‘आय ब्रेक्ड इट’ म्हणू लागली होती. ‘डॉक्टर, येत होतं ते विसरायला लागली. मेंदूत काही बिघाड तर नाही ना?’ मुलीची वाढ, ऐकणे, खेळणे, मराठीतले बोलणे सगळे वयाप्रमाणे होते. बिघाड नव्हता. उलट तिची भाषा एक पायरी वर चढली होती. हे आईला समजावताना मला इंग्रजी क्रियापदांच्या दोन जातींविषयी बोलावे लागले.

इंग्रजीत भूतकाळ दोन प्रकारे होतो. ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ करताना मूळ शब्द तसाच राहतो आणि शेवटी एक छोटा प्रत्यय चिकटतो. ‘सिंग’चे मात्र ‘सॅंग’ आणि ‘संग’ होते. तिथे प्रत्यय नाही, शब्दाच्या पोटातला स्वरच बदलतो. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम यांनी पहिल्या प्रकाराला ‘दुर्बल’ आणि दुसऱ्याला ‘सबल’ क्रियापदे म्हटले. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकीच हे एक. बाहेरचा आधार न घेता जे भूतकाळ दाखवते ते सबल, अशी त्यामागची कल्पना.

शाळेत सबल रूपांना आपण ‘अपवाद’ म्हणून पाठ करतो. पण एकेकाळी तीही नियमानेच चालत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘तो गायला’ म्हणताना ‘सॅंग’सारखे आणि ‘ते गायले’ म्हणताना ‘संग’सारखे रूप वापरत. अशा क्रियापदांचे ठरावीक गट होते आणि प्रत्येक गटाचा स्वरबदल ठरलेला होता. ही पद्धत फार जुनी आहे. आपले ‘मरणे–मारणे’, ‘तुटणे–तोडणे’ हे बदल संस्कृतातल्या गुण-वृद्धीतून आले, आणि ती गुण-वृद्धी व इंग्रजीचा हा स्वरबदल यांचे पूर्वज एकच. पुढे प्रत्यय लावण्याची सोपी रीत वाढत गेली. नवे क्रियापद आले की त्याला तोच प्रत्यय लागू लागला आणि जुने गट विस्कटले.

मग काही सबल क्रियापदे अजून का टिकून आहेत? २००७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतल्या १७७ अनियमित क्रियापदांचा माग काढला होता. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली १४५ अनियमित उरली होती, आज ९८ उरली आहेत. जे क्रियापद कमी वापरात, ते लवकर नियमित झाले. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद साधारण दहापट वेगाने नियमित होते, असे गणित त्यातून निघाले. कारण साधे आहे. ‘सॅंग’ हे रूप तयार करता येत नाही, ते ऐकून लक्षात ठेवावे लागते. जे रूप कानावर वारंवार पडते ते एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे पोचते. जे क्वचित पडते ते ऐन वेळी आठवत नाही आणि बोलणारा प्रत्यय लावून मोकळा होतो. म्हणूनच असणे, करणे, जाणे, येणे, घेणे, पाहणे या रोजच्या अर्थांची इंग्रजी क्रियापदे सगळी अनियमित आहेत.

पण केवळ वापराने सगळे उलगडत नाही. ‘हेल्प’ हे क्रियापद ‘सिंग’पेक्षा कितीतरी अधिक वापरले जाते. तेही पूर्वी सबल होते, त्याचा भूतकाळ ‘होल्प’ असा होई. आज ते ‘हेल्प्ड’ आहे आणि ‘सिंग’ मात्र जागचे हललेले नाही. फरक सोबतीचा आहे. ‘हेल्प’च्या बरोबरीची ‘मेल्ट’, ‘स्वेल’, ‘डेल्व्ह’ ही सबल क्रियापदे एकेक करून नियमित झाली. त्यांच्या जुन्या रूपांपैकी ‘मोल्टन’, ‘स्वोलन’ अशी मोजकीच मागे राहिली. ‘सिंग’भोवती मात्र ड्रिंक, स्विम, स्प्रिंग, बिगिन असा मोठा गोतावळा टिकला. एकाचे रूप दुसऱ्याची आठवण करून देते. या गोतावळ्याची ओढ इतकी की मुळात दुर्बल असलेले ‘रिंग’ त्यात ओढले गेले आणि त्याचे ‘रॅंग’ झाले. ‘डिग’चे ‘डग’ही असेच नंतर आले.

आता त्या मुलीकडे वळू. सुरुवातीला तिने ‘ब्रोक’ हा ऐकलेला शब्द जसाच्या तसा उचलला होता. पुढे तिला प्रत्ययाचा नियम सापडला. ‘ब्रेक्ड’ तिने कोणाकडून ऐकलेले नाही, ते तिने स्वतः घडवले आहे. ‘ब्रोक’ची आठवण अजून कच्ची असल्याने एखाद्या वेळी ती हजर होत नाही आणि नियम पुढे सरसावतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांच्या संभाषणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा चुका सरासरी शंभरात दोन-तीनच आढळल्या. आईबापांच्या कानाला त्या खटकतात म्हणून जास्त वाटतात. आपल्याकडची मुलेही ‘मी गेलो’ऐवजी ‘मी जालो’ म्हणतात, कारण ‘चाल–चालला’, ‘बस–बसला’ हा नियम त्यांना कळलेला असतो.

आठवण आणि नियम यांचे हे दुहेरी काम आजारातही दिसते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या इंग्रजीभाषक रुग्णांना अनियमित रूपे अधिक अवघड गेली, तर पार्किन्सनच्या रुग्णांना नियमित रूपे. यावरून मेंदूत दोन वेगळ्या यंत्रणा असाव्यात असे काहींनी मांडले. इतरांच्या मते एकच जाळे दोन्ही कामे करते, आणि ‘वॉक्ड’सारख्या शब्दांच्या शेवटची जोडव्यंजने उच्चारायला कठीण असल्यानेही नियमित रूपे चुकू शकतात. हा वाद मिटलेला नाही. त्यामुळे घरातल्या आजोबांचे एखादे क्रियापद चुकले म्हणून त्यावरून निदान करू नये.

मुलांच्या बाबतीत काळजीची खूण वेगळी आहे. मूल ‘ब्रेक्ड’ म्हणते तेव्हा निदान काहीतरी जोडते. पाच वर्षांचे झाल्यावरही, घडून गेलेले सांगताना, मूल नियमित वा अनियमित कोणतेच भूतकाळी रूप वापरत नसेल तर तपासणी हवी. तीही आधी मातृभाषेत. घरी मराठी असलेले मूल केवळ इंग्रजीत अडखळत असेल तर ते सहसा अपुऱ्या सरावाचे लक्षण असते. मराठीतही ‘काल’चे सांगता येत नसेल, वाक्ये दोन-तीन शब्दांपुढे जात नसतील, तर आधी कान तपासून घ्यावेत आणि मग वाचा-भाषातज्ज्ञाकडे जावे.

त्या आईला मी औषध लिहून दिले नाही. मुलगी ‘ब्रेक्ड’ म्हणाली तर दटावू नका, तक्ता पाठ करून घेऊ नका, फक्त ‘हो, यू ब्रोक इट’ असे सहज उत्तर द्या, एवढेच सांगितले. हजार वर्षे ही रूपे कानावर पडूनच टिकली आहेत. तिच्याही लक्षात ती तशीच राहतील.