बिल्टीची तारीख बघा, माल उतरल्याची नाही

परवाच्या व्हिडिओत क्लेम लेटरचा नमुना दाखवला, तर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, विमा आपलाच आहे, मग ट्रान्सपोर्टवाल्याला नोटीस कशाला? रोजचा माणूस आहे, उगाच वाकडं येतं." माझं मत स्पष्ट आहे: विमा कंपनीला पत्र एक दिवस उशिरा गेलं तर बोलून निभावतं, पण ट्रान्सपोर्टरची नोटीस चुकली तर बोलून काही होत नाही. हे मी स्वतःच्या पैशानं शिकलोय.

हिंगोलीतल्या माझ्या दुकानात २०० पोती वॉल पुट्टी आली. बिल्टी ८ जुलैची, गाडी पोहोचली १२ जुलैला. ताडपत्री फाटलेली होती, त्यामुळे ४६ पोती भिजून दगड झाली. ७८० रुपयांप्रमाणे ३५,८८० रुपयांचं नुकसान. हमालांना थांबवलं, फोटो काढले आणि बिल्टीवर सहीच्या वर लिहिलं: "४६ पोती ओली, ताडपत्री फाटलेली." ड्रायव्हरचीही सही घेतली. त्याच दिवशी विमा कंपनीला पत्र दिलं, पोती जपून ठेवली, सर्व्हेअर येऊन गेला. इथपर्यंत सगळं बरोबर.

मग ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून फोन आला: "भाड्यातून चार हजार कापून घ्या आणि सेटल झालं म्हणून सही द्या." मी नाही म्हणालो, आणि ते बरंच झालं. का, ते समजून घ्या. विमा कंपनी तुम्हाला पैसे देते आणि मग तुमच्या जागी उभी राहून ट्रान्सपोर्टरकडून वसूल करते. याला सब्रोगेशन म्हणतात. सूत नेणारी गाडी अपघातात सापडली त्या प्रकरणात, इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये हे सविस्तर सांगितलंय. कंपनीला तुमच्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. तुम्हीच "सेटल झालं" म्हणून सही दिली, तर तिच्या हातात काय उरलं? चार हजारांसाठी पूर्ण क्लेम अडकतो.

माझी चूक पुढे झाली. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ च्या कलम १६ प्रमाणे, नुकसानीची लेखी नोटीस माल बुक झाल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत ट्रान्सपोर्टरला पोहोचली नसेल, तर त्याच्यावर दावा चालत नाही. मी दिवस मोजले माल उतरल्यापासून, म्हणजे ८ जानेवारीपर्यंत मुदत धरली. बिल्टी ८ जुलैची, म्हणून खरी मुदत ४ जानेवारीला संपली होती. माझी नोटीस गेली ६ जानेवारीला. पॉलिसीत अट असतेच की ट्रान्सपोर्टरविरुद्धचे हक्क विमेदारानं जपायचे. कंपनीनं त्यावर बोट ठेवून चौथाई रक्कम कापली. ८,९७० रुपये, दोन दिवसांसाठी.

म्हणून आता माझा नियम: माल खराब दिसला की त्याच आठवड्यात नोटीस. सर्व्हे रिपोर्टची वाट बघायची नाही. आकडा पक्का नसेल तर "अंदाजे" लिहायचं. मजकूर एवढाच पुरतो:

"आपल्या बिल्टी क्र. ___, दि. ___ अन्वये ___ येथून पाठवलेल्या ___ पोत्यांपैकी ___ पोती दि. ___ रोजी भिजलेल्या स्थितीत मिळाली. तशी नोंद बिल्टीवर आहे. अंदाजे नुकसान रु. ___. या नुकसानीस आपण जबाबदार असून ही रक्कम भरून द्यावी. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ च्या कलम १६ खालील ही नोटीस असून आमचे व आमच्या विमा कंपनीचे सर्व हक्क राखून ठेवत आहोत."

ही नोटीस बिल्टीवर छापलेल्या मुख्य ऑफिसच्या पत्त्यावर पोचपावतीसह पोस्टाने पाठवा, एक प्रत डिलिव्हरी ऑफिसला देऊन शिक्का घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला म्हणजे नोटीस झाली असं धरून बसू नका. मग विमा कंपनीच्या क्लेम लेटरला बिल, शेरा असलेली बिल्टी, फोटो, पॉलिसीची प्रत आणि या नोटिशीची पोचपावतीसह प्रत जोडा.

राहिला प्रश्न संबंधांचा. मी नोटीस पाठवायच्या आधी फोन करतो: "भाऊ, विमा कंपनीला ही प्रत लागते, म्हणून कागद पाठवतोय. राग नको." माझा ट्रान्सपोर्टवाला आजही माल आणतो. आणि एवढ्यावरून जो माल उचलायचं बंद करेल, त्याच्या ताडपत्रीखाली आपला माल ठेवायचा का, हे तुम्हीच ठरवा.

आज दुकानात गेलात की शेवटची खराब मालाची बिल्टी काढा आणि तिच्या तारखेपासून दिवस मोजा. १८० च्या आत असाल तर नोटीस आजच पोस्टात टाका. ती मुदतीत नुसती निघून चालत नाही, पोहोचावी लागते.