पडद्यापलीकडच्या श्रोत्याला प्रश्न केव्हा विचारावा?

आमच्या परिचयातील एका घाऊक व्यापाऱ्यांनी आपल्या किरकोळ दुकानदारांसाठी झूमवर ४५ मिनिटांचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता जीएसटीची कॉम्पोझिशन योजना. व्याख्यान निर्विघ्न पार पडले. शेवटी 'कार्यक्रम कसा वाटला?' असा एकच मतप्रश्न, म्हणजे पोल, विचारला गेला आणि उत्तरे 'उत्तम' आली. दोन महिन्यांनी त्यांच्याच एका श्रोत्याचे बिल त्यांच्या हाती आले. कॉम्पोझिशनमध्ये असूनही त्या दुकानदाराने ग्राहकाकडून कर वेगळा आकारला होता. जे सांगितले ते पोहोचलेच नव्हते, आणि ते कळण्याची सोयही व्याख्यानात नव्हती.

सभागृहात वक्त्याला श्रोत्यांचे चेहरे दिसतात. कोणाच्या कपाळावर आठी पडली, हे कळते. पडद्यावर कॅमेरे बंद असतात. तेथे मतप्रश्न हाच वक्त्याचा डोळा होय. म्हणून ज्या प्रश्नाच्या उत्तराने आपले पुढचे बोलणे बदलणार नाही, तो प्रश्न मधेच विचारू नये.

दुसऱ्या खेपेस त्यांनी आखणी नव्याने केली. ४५ मिनिटांत तीनच प्रश्न ठेवले. पहिला तिसऱ्या मिनिटाला: 'आपण सध्या कोणत्या पद्धतीत आहात?' पर्याय चार: नियमित, कॉम्पोझिशन, नोंदणी नाही, निश्चित माहीत नाही. हा प्रश्न सोपा असल्याने बोटाला सवय लागते आणि समोर कोण बसले आहे, हेही उमगते. 'निश्चित माहीत नाही' हा पर्याय मुद्दाम ठेवावा. तो नसला तर माणूस अंदाजाने काहीतरी दाबतो आणि आपण फसतो.

दुसरा प्रश्न सतराव्या मिनिटाला, मुख्य नियम सांगून झाल्यावर लगेच: 'कॉम्पोझिशनमधील दुकानदाराला बिलात ग्राहकाकडून कर वेगळा घेता येतो का?' उत्तर 'नाही' असे आहे. त्याने बिल ऑफ सप्लाय द्यायचे असते आणि व्यापाऱ्यासाठी १ टक्का असलेला कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. ६० लाखांच्या करपात्र उलाढालीवर तो ६० हजार रुपये होतो. या प्रश्नासाठी त्यांनी दोन वाटा आधीच लिहून ठेवल्या होत्या. चतुर्थांशाहून अधिक उत्तरे चुकली तर एक नमुना बिल पडद्यावर उघडून पाच मिनिटे पुन्हा समजावायचे. तसे नसेल तर पुढे जायचे. ही पाच मिनिटे योजनेच्या इतिहासाच्या भागातून काढायची, हेही ठरलेले होते.

प्रत्यक्षात उपस्थित ५२, मते ४० आणि त्यांत चुकीची १७. बिल उघडावे लागले. येथे एक सावधगिरी हवी. ४० मते म्हणजे ५२ माणसांचे मत नव्हे. साधा फोन लावून ऐकणाऱ्यास प्रश्न दिसतच नाही आणि कधी एकाच मोबाइलसमोर पिता-पुत्र दोघे बसलेले असतात. म्हणून निष्कर्ष मत देणाऱ्यांपुरताच सांगावा.

तिसरा प्रश्न तिसाव्या मिनिटाला: 'आपले ग्राहक बहुतांशी घरगुती आहेत की व्यापारी?' कॉम्पोझिशनच्या बिलावर खरेदीदार व्यापाऱ्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणून योजना सोयीची की अडचणीची, हे बरेचसे या उत्तरावर अवलंबून असते. ज्या बाजूला मते अधिक पडली, तिचे उदाहरण आधी घेतले.

प्रश्न लावल्यावर वक्त्याने गप्प बसू नये. प्रश्न व पर्याय सावकाश वाचून दाखवावेत, कारण मोबाइलवर प्रश्नाची चौकट पुष्कळदा चित्रफलक झाकून टाकते. साधारण एक मिनिट द्यावे. मते येण्याचा ओघ मंदावला की 'आता दहा सेकंदांत बंद करतो' असे सांगून End Poll दाबावे. त्यानंतर Share Results दाबून निकाल सर्वांना दाखवावा आणि त्यावर एक तरी वाक्य बोलावे. निकाल दाखवून तसेच पुढे गेले, तर पुढच्या प्रश्नाला कोणी बोट उचलत नाही.

पूर्वतयारीत दोन गोष्टी विसरू नयेत. झूमच्या निःशुल्क खात्यात पोलची सोय गृहीत धरू नये. आदल्या दिवशी दुसऱ्या मोबाइलवरून सहभागी होऊन तिन्ही प्रश्न चालवून पाहावेत. तसेच प्रश्न तयार करतानाच निनावी उत्तरांची खूण करावी. ती नसेल तर कोणी काय उत्तर दिले, हे आयोजकाच्या अहवालात नावानिशी दिसते. नोंदणी व करासंबंधीचे उत्तर आपल्या पुरवठादाराच्या हाती नावासह पडेल, अशी शंका आली तर दुकानदार खरे उत्तर देणार नाही. म्हणून उत्तरे निनावी आहेत, हे पहिल्या प्रश्नापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगावे.