शवविच्छेदन अहवालातील एक ओळ

अपघाती मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदन अहवालावर सही केली की आपले काम संपले, असा वैद्यकीय व्यवसायातील पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्या कागदाचा खरा प्रवास तेथून पुढे सुरू होतो. पोलिसांच्या कागदपत्रांबरोबर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर जातो, विमा कंपनीचा वकील तो ओळीओळीने वाचतो, आणि मागे राहिलेल्या विधवेला किती रक्कम मिळावयाची हे त्यातील एखाद्या सहज लिहिलेल्या वाक्यावरही अवलंबून राहते. भीमपूरसारख्या सीमेवरील मंडलात ही गोष्ट अधिकच जाणवते. येथील माणसाचा बाजार आदिलाबादला, सोयरीक पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात, आणि रोजचे जाणेयेणे दुचाकीवर किंवा भाड्याच्या पिकअपमध्ये.

नुकसानभरपाईचे गणित कसे होते, हे प्रथम पाहू. कमावता माणूस गेला म्हणजे कुटुंबाने त्याची सगळी कमाई गमावली असे कायदा मानत नाही. त्या कमाईतून जो वाटा घरच्यांवर खर्च होत असे, तो त्यांनी गमावला असे मानले जाते. यालाच अवलंबित्वाची हानी म्हणतात. २००९ च्या सरला वर्मा निकालाने आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तिची रीत ठरवून दिली आहे. उदाहरणादाखल असे समजू की, पिकअप चालवून महिना १२,००० रुपये मिळवणारा ३४ वर्षांचा एक गृहस्थ अपघातात गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, म्हणून भावी वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे. ते १६,८०० होते. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले १२,६००. वर्षाचे १,५१,२०० झाले. ३१ ते ३५ या वयाला गुणक १६, म्हणून हानी २४,१९,२०० रुपये. सहवासाची हानी, अंत्यविधी वगैरेंची ठरावीक रक्कम याखेरीज मिळते.

आता याच माणसाच्या अहवालात घाईघाईने ‘वय अंदाजे ४२’ असे लिहिले गेले आणि वयाचा दुसरा सबळ पुरावा घरात नसला, तर काय होईल? भावी वाढ ४० ऐवजी २५ टक्क्यांवर येते, गुणक १६ ऐवजी १४ होतो, आणि हिशेब १८,९०,००० वर थांबतो. एका अंदाजाने ५,२९,२०० रुपये गेले. उन्हापावसात राबलेला चेहरा वयापेक्षा थोराड दिसतो, हे आपणांस का ठाऊक नाही? २०२४ मध्ये एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे असे सांगून शाळा सोडल्याच्या दाखल्याला प्राधान्य दिले. तो दाखला शोधून ठेवा, एवढे नातेवाइकांना सांगण्यास आपले काही जात नाही. आणि अहवालात वय लिहिताना ते कोणी सांगितले, की आपण दिसण्यावरून ठरवले, हेही लिहावे.

शेतकरी कुटुंबांची एक अडचण वेगळीच आहे. जमीन वारसांकडेच राहते, म्हणून शेतीचे सारे उत्पन्न बुडाले असे न्यायालय मानत नाही. २००३ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले. मोबदला मिळतो तो मुख्यतः मृताच्या देखरेखीचा आणि श्रमाचा. तेव्हा कापसाच्या पट्ट्या घेऊन वकिलाकडे जाणाऱ्या विधवेने सातबारा किंवा पट्टादार पासबुक यांवरच न थांबता, नवरा स्वतः कोणती कामे करी आणि आता त्यासाठी कोणाला किती मजुरी द्यावी लागते, याचाही पुरावा जमवावा.

परंतु सर्वांत मोठा घाव बसतो तो ‘सहभागी निष्काळजीपणा’ या बचावाने. अपघातात मृताचाही दोष होता असे ठरले, तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कापली जाते. वरील उदाहरणात दोष २० टक्के धरला, तर अवलंबित्वाच्या रकमेतूनच ४,८३,८४० रुपये जातात. आणि हा दोष सिद्ध करू पाहणाऱ्याच्या हाती पुष्कळदा आपलीच एक ओळ असते: ‘जठरातील अन्नास मद्याचा वास.’

जिजू कुरुविला खटला प्रत्येक शवविच्छेदकाने वाचावा असा आहे. केरळात १९९० साली मोटार व बस यांची धडक होऊन मोटार चालवणारे गृहस्थ दगावले. अहवालात जठरातील अन्नाला मद्याचा वास असल्याची नोंद होती. घटनास्थळाच्या पंचनाम्यात वाहने कोठे उभी होती ते होते. एवढ्यावरून मृताकडेही दोष लावण्यात आला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांवरून निर्माण होणारा संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्या घरच्यांना या एका मुद्द्यासाठी मधली वर्षे झगडावे लागले, ते कोणी भरून द्यावयाचे?

मद्याची नोंद दडपावी असे मी मुळीच सुचवत नाही. माझे म्हणणे एवढेच की, वासाची नोंद अर्धीच असते. वास आला, तर मांडीच्या शिरेतून रक्त घ्यावे, सोडियम फ्लुओराइड घातलेल्या बाटलीत मोहोरबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवावे आणि तशी नोंद अहवालात करावी. वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य असणे हा गुन्हा आहे. आकडा आला म्हणजे न्यायालयाला तोलता येते, नुसत्या वासाला तोलता येत नाही. आणि आकडा आला तरीही, त्या मद्यामुळेच अपघात घडला हे वेगळे सिद्ध करावे लागते. मागून येणाऱ्या ट्रकने थांबलेल्या दुचाकीला धडक दिली, तर स्वाराच्या रक्तातील मद्याचा त्याच्याशी काय संबंध?

शिरस्त्राण आणि तिघांची स्वारी यांचेही असेच. २०२० मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात, दुचाकीवर तिघे होते म्हणून मागे बसलेल्या तरुणाच्या आईवडिलांची रक्कम उच्च न्यायालयाने १० टक्क्यांनी कापली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. नियम मोडणे निराळे, आणि त्या मोडण्याने अपघात घडणे किंवा इजा वाढणे निराळे. हा कार्यकारणभाव दाखवल्याशिवाय दोष लागत नाही. डोक्याला जबर इजा असेल तर शिरस्त्राणाचा मुद्दा टिकू शकतो; छाती चिरडून मृत्यू आला असेल तर टिकणे कठीण. म्हणून इजेची जागा, आकार आणि मृत्यूचे नेमके कारण यांची बिनचूक नोंद हीच येथे निर्णायक ठरते. ‘शिरस्त्राण नव्हते’ किंवा ‘स्वतः घसरून पडला’ हे रुग्णास आणणाऱ्याचे शब्द असतील, तर ते त्याच्या नावानिशी लिहावेत. अपघात नोंदवहीतले ऐकीव वाक्य पुढे वैद्यकाचे मत म्हणून वाचले जाते, असा माझा अनुभव आहे.

सीमेवरील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. अपघात पांढरकवड्याच्या बाजूला झाला तरी दावा तेथेच लावला पाहिजे असे नाही. दावेदार राहतात त्या क्षेत्राच्या, म्हणजे भीमपूरकरांसाठी आदिलाबादच्या न्यायाधिकरणात तो लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी त्या भरवशावर कोणी थांबू नये. महाराष्ट्रात झालेले शवविच्छेदन, तेथील पोलिसांचा पंचनामा आणि प्रयोगशाळेचा अहवाल या प्रती मिळवण्यातच दोन-तीन महिने सहज जातात. तेराव्याच्या आत त्यांसाठी अर्ज टाकावा, आणि अर्ज मराठीत आहे म्हणून कोणी अडवू लागले, तर इंग्रजीत दोन ओळी लिहून देण्यास आपल्यापैकी कोणीही पुरेसा आहे.